एका चार्जमध्ये वीस पंप

पांढरकवड्यात हायवेला लागून आमच्या शेठचं शेती अवजारांचं दुकान आहे. माल ऑनलाइन विकायचं ठरलं, तेव्हा वस्तूंची वर्णनं मराठीत आणि इंग्रजीत लिहायला त्यांनी मला ठेवलं. मी मराठीत एम.ए. तोवर त्याचा उपयोग नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांतल्या चुका काढण्यापलीकडे झाला नव्हता.

काम सरळ होतं. वस्तूवरचे आकडे आधी एका तक्त्यात उतरवायचे आणि दोन्ही भाषांत तिथूनच घ्यायचे. टाकी सोळा लिटरची, तर दोन्हीकडे सोळाच. बॅटरी बारा व्होल्ट आणि आठ अँपिअर-अवर, तर दोन्हीकडे तेच. मराठी मायबोली म्हणून तिला अर्धा लिटर जास्त द्यायचा नाही. वाक्यं मात्र ज्या त्या भाषेत लोक बोलतात तशी.

मग नागपूरहून शेठचे जावई आले. जावईबापूंनी डिजिटलचा कसलासा कोर्स केला होता आणि सासुरवाडीत जावयाचं चुकत नसतं. त्यांनी फवारणी पंपाचं मराठी नाव आधीच करून ठेवलं होतं: ‘पाठीवर धारण करण्यायोग्य बॅटरीचलित कृषी फवारक’. हे यंत्र विकत घ्यावं की त्याला हार घालावा, कळेना. मी ते खोडून ‘पाठीवरचा बॅटरी फवारणी पंप’ केलं. इंग्रजीत मी लिहिलं होतं की पूर्ण चार्जवर पंधरा ते वीस टँक फवारून होतात. मराठीत मी लिहिलं, ‘एका चार्जमध्ये १५ ते २० पंप होतात.’ आमच्याकडे पंप म्हणजे यंत्रही आणि टाकीभर फवारणीही. एकराला किती पंप लागले, असंच विचारतात.

जावईबापू खवळले. “मॅडम, इंग्रजीत टँक अन् मराठीत पंप? दोन्ही सेम टू सेम पायजे!”

“आकडे सेम आहेत ना,” मी म्हटलं. “शब्द ज्याचे त्याचे.”

“असं नाही चालत जी,” ते म्हणाले. माझी मराठी ओळ त्यांनी मोबाइलच्या भाषांतरयंत्रात घातली आणि जे बाहेर पडलं ते इंग्रजी पानावर चढवलं. त्या इंग्रजीचा अर्थ होता, एका शुल्कात पंधरा ते वीस पंप मिळवा. मी शेठकडे बघितलं. शेठ म्हणाले, “बापूइनं केलं म्हंजे बरोबरच असन.”

आठवड्याभरात पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी बंगल्याच्या बागेसाठी पंप मागवला होता. “खोक्यात एकच निघाला. बाकीचे कधी पाठवताय?” ते अगदी सभ्यपणे विचारत होते. “चार्ज मी पूर्ण भरलाय.” मी समजावलं, पण त्यांनी विक्रीच्या साइटकडे तक्रार केली. साइटने दोन्ही भाषांतली पानं बंद केली: वर्णनं जुळवा, आकड्याची खातरी द्या, मगच सुरू होतील. इकडे कपाशीवर फवारणीचे दिवस सुरू झालेले.

जावईबापूंचा निकाल तयार होता. “मराठी पानच काढून टाका. झंझट त्याचीच हाय.”

शेठनी मान डोलावली. मला संताप आला. मराठी पान गेलं की माझं काम जाणार, हे तर होतंच. पण चूक इंग्रजीत आणि घराबाहेर मराठी! मी म्हटलं, “शेठ, काढायचं ते काढा. पण साइटला आकड्याची खातरी द्यायची आहे. पंधरा ते वीस खरंच होतात का, ते एकदा करून बघू. साध्या पाण्यानं.”

“हे बरोबर बोलल्या,” जावईबापू म्हणाले. “मीच टेस्टिंग करतो. रिपोर्ट माह्याच नावानं जाईन.”

दुकानामागे शेठचीच कपाशी होती. जावईबापू पांढरे बूट घालून, पाठीवर भरलेली टाकी घेऊन दोन ओळींमधल्या तासात शिरले. पहिल्या फेरीला त्यांनी मला फोटो काढायला लावला. दुसऱ्या फेरीनंतर फोटोचं नाव नाही. बूट कधीच काळे झाले होते, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि सोळा लिटर म्हणजे किती, हे आता त्यांना तक्त्यात बघावं लागत नव्हतं. शेठ बांधावर छत्री घेऊन उभे होते. मी मोजत होते.

सातव्यांदा टाकी भरायला आले तेव्हा ते बांधावर बसलेच. एक तांब्या पाणी प्यायले, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि रडवेल्या आवाजात सासऱ्यांना विचारलं, “मामाजी, अजून किती पंप राह्यले?”

शेठनी माझ्याकडे पाहिलं. हसू दाबण्यातच माझी शक्ती चालली होती. शेठनी जावयाच्या पाठीवरचा पंप उतरवून उरलेल्या फेऱ्यांसाठी गड्याकडे दिला आणि छत्री जावयावर धरली.

“मॅडम,” ते म्हणाले, “इंग्रजी तेवढी सुधरवा. मराठी राहू द्या.”