चायना ग्रासचं पुडिंग आणि नणंदेची बॅग

माझी नणंद सासरहून परत आली तेव्हा तिच्या हातात एकच बॅग होती, आणि ती बॅग तिनं रिकामी केलीच नाही. लागेल तो कपडा चेन जराशी सरकवून काढायचा आणि पुन्हा चेन बंद. कपाटातला एक कप्पा मी रिकामा करून दिला होता, तो तसाच राहिला. तिच्या नवऱ्यानं तिला नांदवायचं नाही असं ठरवलेलंच होतं, तरी आमच्याकडची वडीलधारी मंडळी म्हणत होती, बैठक घेऊ, समजावू, परत पाठवू. तिला परत जायचं नव्हतं. आणि भावाच्या घरी हातावर हात ठेवून खायचंही नव्हतं. मधल्यामधे लटकलेली बाई, दुसरं काय!

माझं राहात्यात छोटंसं केटरिंग आहे. स्वयंपाक माझा, गिऱ्हाइकांशी बोलणारं तोंडही माझंच. नणंद लग्नाआधी एका हॉटेलच्या किचनमध्ये गोडाच्या पदार्थांना मदत करायची. वाटीतलं दुधाचं पुडिंग तिचं ठेवणीतलं. आमच्या इथल्या मंगल कार्यालयाच्या मालकीणबाईंना मी तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "चव दाखव. आवडलं तर या सीझनचं सगळं गोड तिच्याकडे. नाहीतर नाशिकचा माणूस तयारच हाय."

आणि जाता जाता म्हणाल्या, "पण जिलेटिन चालायचं न्हाई. निम्मी पंगत माळकऱ्यांची असती."

जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेली पावडर, त्यानं पुडिंग धरतं. नणंदेचं सगळं काम त्याच्यावरच. मी नणंदेला म्हटलं, "अहो ताई, मग चायना ग्रास घ्या की." चायना ग्रास म्हणजे अगर-अगर, समुद्राच्या शेवाळाचं, उपासालासुद्धा खातात. किराणा दुकानात त्याची पावडर मिळाली.

आता आमच्या किचनचा एक नियम आहे, आणि तो मला लई प्रिय आहे. सगळं काट्यावर. चिमूटभर, मूठभर असलं काही नाही. एक माल नसेल तर दुसरा घ्यायचा, पण वजन तेवढंच. काजू कमी पडले तर तेवढ्याच वजनाचे मगज घालायचे. त्याच नियमानं नणंदेनं एका लिटर दुधाला जिलेटिन जेवढं घ्यायची तेवढंच चायना ग्रास काट्यावर तोललं. मीही बघत होते, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

जिलेटिन गार पाण्यात भिजवून नुसत्या गरम दुधात विरघळवतात, उकळत नाहीत. चायना ग्रासला मात्र उकळी लागते, तेवढं पाकिटावर लिहिलं होतं. तिनं ते नीट उकळलं, साखर-केशर घातलं, वाट्यांत ओतलं. आम्ही चहा टाकला. चहा पिऊन होईतो वाट्या धरल्यासुद्धा! फ्रीजचं दार उघडायचीही गरज पडली नाही. नणंद हसली, घरी आल्यापासून पहिल्यांदा.

मग मी चमचा घातला. चमचा जाईचना. जोर लावला तेव्हा तुकडा टणकन बाजूला सरकला. तोंडात टाकला तर चावून चावून दाताला वैताग. लहानपणी वहीतलं पुसायला खोडरबर असायचं ना, तसं.

"वन्सं!" मी ओरडले. मी एरवी तिला ताई म्हणते, राग आला की वन्सं. "हे काय केलंत? मालकीणबाई दुपारी येणारेत! हे त्यांच्या पुढ्यात ठेवायचं?"

ती तोंड फिरवून उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, माझ्या हातालाच गुण न्हाई. जाऊद्या. पाठवा मला परत."

मला एवढा राग आला की काय सांगू. पुडिंगाचा नाही, त्या वाक्याचा. मी म्हटलं, "पुडिंग बिघडलंय, तुम्ही नाही. डोळे पुसा आणि डोकं चालवा."

तिनं डोळे पुसले. उरलेला चहा उकळी न आणता पुन्हा गरम केला आणि एक तुकडा उचलून त्यात टाकला. चहा चांगला गरम होता, जिलेटिन असतं तर बघता बघता विरघळलं असतं. हा तुकडा तसाच, जणू आंघोळीला बसलाय. मग तिनं तो छोट्या पातेल्यात थोड्या दुधाबरोबर टाकला आणि हलवत उकळी आणली. हळूहळू कडा गेल्या, मग सगळंच गेलं. दूध पुन्हा पातळ!

"वहिनी, हे परत येतंय," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "वाया न्हाई गेलं. ह्याचा जोर जास्त हाय, म्हणून ते दगड झालं. जोर जास्त तर दूध जास्त घालू."

मग सुरू झाली गंमत. डेअरीतून आणखी दूध आणलं. सगळ्या वाट्या उपड्या करून ते खोडरबर बारीक चिरलं, दुधात घातलं, मंद आचेवर खाली लागू न देता हलवत उकळलं. पाक झाला का हे आपण जसं थेंब टाकून बघतो, तसा तिनं स्टीलच्या ताटलीवर चमचाभर टाकला. फ्रीज लागत नाही, म्हणून ताटलीवर लगेच कळतं. बोटानं दाबलं, अजून घट्ट. पुन्हा दूध, पुन्हा उकळी, पुन्हा ताटली. असं करता करता मूळच्या तिपटीच्या वर दूध गेलं, आणि ताटलीवरचा थेंब बोटाखाली हलला, चमच्यानं अलगद कापला गेला. दूध वाढलं तशी साखरही चाखून वाढवली. म्हणजे जिलेटिनच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी चायना ग्रास पुरेसं होतं! काटा खोटा नव्हता. दोन वेगळ्या गोष्टींना एकाच वजनानं तोललं, एवढंच.

पुडिंग मात्र एवढं झालं, की घरात वाट्या पुरेनात. कपबशा काढल्या, स्टीलचे पेलेसुद्धा भरले.

दुपारी मालकीणबाई आल्या आणि त्याच वेळी लाईट गेली. ऊन असं, की नुसतं बसून घाम. त्या आधी हिशेबाचं, हॉलचं, भांड्यांचं बोलत बसल्या. वाट्या टेबलावर तशाच. शेवटी त्यांनी चमचा घेतला. खाल्लं. पुन्हा खाल्लं.

"चव चांगली हाय. पण हॉटेलातल्यासारखं तोंडात विरघळत न्हाई."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात नणंदच बोलली. सासरहून आल्यापासून परक्या माणसासमोर पहिल्यांदा.

"न्हाई विरघळणार, बाई. जिलेटिन तोंडात विरघळतं, तसं टेबलावरही विरघळतं. एवढ्या उकाड्यात त्याचं आतापर्यंत पाणी झालं असतं. हे बघा, तुमी आल्यापासून उभं हाय. पंगत कितीही लांबली तरी उभं राहील."

मालकीणबाईंनी वाटी हलवून पाहिली. पुडिंग थरथरलं, पडलं नाही. त्या माझ्याकडे न बघता तिला म्हणाल्या, "परवा एक साखरपुडा हाय. जमंल?"

"जमंल की."

त्या गेल्या. मी भांडी आवरायला घेतली, कारण नाहीतर रडले असते आणि ते मला आवडत नाही. नणंद आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेची चेन सरकल्याचा. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती बॅग होती. मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

तिनं बॅग ओट्यावर उपडी करून झटकली. आत काहीच नव्हतं.

"वहिनी, परवा वाट्या न्यायला ही बरी पडंल का? मोकळीच हाय."