वीस मिलिमीटर

ओल्या गिलाव्याचा वास आला की मला काका आठवतात. वडील विटा रचायचे, काका त्यावर गिलावा करायचे. एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, थर बारा मिलिमीटरचा दिला, की सिमेंटची एक गोणी अकरा चौरस मीटरला पुरायची. वडिलांच्या शेवटच्या भिंतीवर ती साडेसहा चौरस मीटरांतच संपली.

घराचा मालक कुरकुरला, "वाळू सहा भाग घ्या, नवापर्यंत जाईल."

काका उखडले, "चारच घेणार. आणि थर वीसचाच देणार, मला जाडच आवडतो."

वडील चहा पीत राहिले.

आता दोघंही नाहीत. परवा त्या घराच्या दुरुस्तीत गिलावा निघाला, तर आतली भिंत पोट काढून उभी होती. वडिलांची नजर अधू झाल्याचं काकांनी शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नव्हतं.