दोन दिवसांत एक चॅप्टर

माझ्या वडिलांचं पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये एकाच गोष्टीसाठी नाव होतं. काम किती वेळात होईल असं विचारलं, की ते खोटा आकडा सांगत नसत. मिल दुरुस्तीसाठी थांबवायची म्हणजे शटडाउन. त्या शटडाउनच्या आधी मोठे साहेब चारचौघांत विचारायचे आणि बाकीचे फिटर 'हो जाएगा साब, तीन घंटा' म्हणून मोकळे व्हायचे. बाबा मात्र खिशातून काळ्या पुठ्ठ्याची वही काढायचे. तीत तीन रकाने होते: काम, सांगितलेला वेळ, लागलेला वेळ. मागच्या चार खेपांना बेअरिंग बदलायला साडेपाच तास लागले असतील, तर बाबा सहा तास सांगायचे. मग मशीनच्या पुस्तकात तीन तास लिहिलेले असोत, नाहीतर साहेबांच्या कपाळावर आठ्या पडोत.

हाच माणूस घरी अभ्यासाला बसला, की वेडा व्हायचा.

तेव्हा आम्ही कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये राहत होतो. मी अकरावीत होते आणि आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमधला रेडिओ हाच माझा सर्वात मोठा आधार होता. बाबांना अधिकारी होण्यासाठी खात्याची परीक्षा द्यायची होती. कामगारांतून वर जाण्याचा तो एकच रस्ता होता आणि त्याला तीन संधी मिळत. दोन संधी बाबांनी घालवल्या होत्या. दोन्ही वेळा अर्धा अभ्यास राहिला होता, आणि दोन्ही वेळा त्यांनी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरलेले चॅप्टर चाळून काढले होते. ही तिसरी आणि शेवटची. यातही नापास झाले, तर निवृत्तीपर्यंत पाना हातात आणि नव्या पोरसवदा साहेबांना सलाम. बाबा तसं कधी बोलून दाखवत नसत. पण आईने त्यांचा परीक्षेचा शर्ट महिनाभर आधीच इस्त्री करून ठेवला होता, तेव्हा आम्हाला सगळं कळत होतं.

परीक्षेला साठ दिवस उरले असताना बाबांनी टाइमटेबल केलं. निळ्या आणि लाल शाईत, पट्टीने रेघा मारून, अगदी देखणं. अकरा चॅप्टर, दोन दिवसांत एक. म्हणजे बावीस दिवसांत सगळं खलास आणि पुढचा महिनाभर नुसती उजळणी. टाइमटेबल भिंतीला चिकटवून बाबा मागे सरकले आणि त्याच्याकडे असे पाहत राहिले, जणू अभ्यास झालाच.

"आता मी करून दाखवतो," ते आईला म्हणाले. "रोज दोन तास. काय मोठी गोष्ट हाय?"

आईने भाजी चिरता चिरता फक्त "हं" केलं. त्या 'हं'मध्ये मागच्या दोन्ही परीक्षा होत्या.

अभ्यासाच्या दोन तासांत रेडिओ बंद, हा नियम मला मान्य होता. पण नियमाला एक शेपूट होतं: दिवसाचा भाग संपेपर्यंत बंद. आणि तो भाग काही संपायचा नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात चार ते सहा लिहिलेलं असायचं. सव्वाचारला बाबा टेबलाशी यायचे, साडेचारला शेजारचे काका सायकलची चेन घेऊन यायचे, पाचला चहा व्हायचा आणि सहाला बाबा म्हणायचे, "बस, अजून अर्धा तास." माझी गाणी त्या अर्ध्या तासात बुडायची. मला मुळातच राग लवकर येतो. आठवडा असा गेल्यावर मी ठरवलं की पुरावा गोळा करायचा.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी तीन रकाने आखले. तसेच, त्यांच्या वहीसारखे. पहिल्या आठवड्याचं बाबांनी टाइमटेबलावर केलेल्या खुणांवरून भरून काढलं आणि पुढचे दोन आठवडे रोज लिहिलं. बाबा कधी बसले, कधी उठले, आज कोणता चॅप्टर संपणार असं सकाळी म्हणाले आणि खरा कधी संपला. सकाळी ते नेमाने सांगायचे, "आज हा होऊनच जाते," आणि मी नेमाने ते लिहून घ्यायचे. कोणावर खार खाऊन इतकं नीटनेटकं काम मी आयुष्यात पुन्हा केलेलं नाही.

एकविसाव्या दिवशी, रविवारी जेवणं झाल्यावर, मी कॅलेंडर खाली काढून त्यांच्यापुढे उलटं ठेवलं.

"हे काय हाय?"

"तुमचं शटडाउन," मी म्हणाले.

ते वाचू लागले. टाइमटेबलप्रमाणे दहा चॅप्टर व्हायला हवे होते. झाले होते चार. बाबा प्रत्येक ओळीवर बोट ठेवत गेले आणि प्रत्येक ओळीला त्यांच्याकडे उत्तर होतं. या दिवशी गोंदियाचे पाहुणे आले होते. या दिवशी डोकं दुखत होतं. हा पूर्ण आठवडा रातपाळी होती, तो धरायचाच नसतो. हा चॅप्टरच जरा वेगळा निघाला.

"म्हंजे पाहा," ते म्हणाले, "असं काई आलं नसतं, तर बरोबर दोन दिवसांतच झालं असतं."

आई पाणी घेऊन आली होती. ती तिथेच उभी राहून म्हणाली, "पाहुने या वेळी आले, पुढच्या वेळी अजून काई येईन. मिलमध्ये कोनी तुमाले म्हणलं का क्रेन बिगडली नसती तर तीन तासांत झालं असतं, तर तुमी काय म्हनता?"

मिलमध्ये बाबा काय म्हणायचे हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. क्रेन बिघडतेच. ती धरून वेळ सांगायचा.

मला वाटलं, आता चिडतील. मी दाराच्या दिशेने सरकूनही घेतलं. पण ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मी साहेबाले तोंडावर सांगतो बेअरिंगचा खरा टाइम," ते म्हणाले, "आन् सोताले तीन वर्सं झाले गंडवून राहिलो." आईही हसली. मी जिंकले होते, आणि तरी त्या हसण्यात कोणी हरलेलं नव्हतं.

मग खरं काम सुरू झालं. मी लगेच हिशेब मांडला: दोन दिवसांचे सव्वापाच झाले, म्हणजे प्रत्येक चॅप्टरला अडीच पटीहून थोडं जास्त. बाबांनी माझ्या हातून पेन घेतला.

"असं नाही होत, पोरी. बेअरिंग बदलनं आन् रंग मारनं एका मापात नाई बसत." त्यांनी चार झालेल्या चॅप्टरची दोन ढिगांत वाटणी केली. सुरक्षा आणि कायदे, म्हणजे नुसते वाचायचे आणि लक्षात ठेवायचे, ते दोन तीन-तीन दिवसांत झाले होते. गणितं सोडवायचे दोन होते, त्यांना सात आणि आठ दिवस लागले होते. तिथेच तर गंमत होती. दोन दिवस म्हणताना त्यांनी फक्त पाठ वाचण्याचा वेळ धरला होता. गणितं सोडवणं, चुकणं, पुन्हा सोडवणं, आकृती काढून पाहणं, हे त्यांच्या डोक्यातल्या दोन दिवसांत कुठेच नव्हतं.

रातपाळीचा आठवडा वगळू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नोको. तीन हप्त्यांत तिन्ही पाळ्या येऊन गेल्या, म्हून तर हा रेकॉर्ड खरा हाय. पुढंही त्याच येनार."

उरलेले सात. तीन गणितांचे, चार वाचायचे. गणितांना आठ-आठ, बाकीच्यांना तीन-तीन. छत्तीस दिवस. परीक्षेला उरले होते एकोणचाळीस. उजळणीला तीन.

बाबांनी सातही नावं पुन्हा एकदा वरून खाली वाचली. अर्धवट काम सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ताटात भाताचं शीत ठेवायचे नाहीत ते. शेवटी त्यांनी पेन्सिलने दोन चॅप्टरवर काट मारली. एक गणितांचा, हायड्रॉलिक्सचा, आणि एक वाचायचा. आठ प्रश्नांतले पाच सोडवायचे असत, तेव्हा दोन सोडले तरी चालणार होतं. काट मारताना त्यांचा चेहरा मुलीची पाठवणी करताना व्हावा तसा झाला होता. मला फार वाईट वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "अकराच्या अकरा अर्धे, का नऊ पूरे? दोन वेळा अर्धे करून पाह्यले न."

आता पंचवीस दिवसांचं काम उरलं आणि चौदा दिवस हातात राहिले. नऊ उजळणीला. बाकीच्या पाच दिवसांच्या रिकाम्या चौकोनांत बाबा काहीतरी लिहायला निघाले, तर आईने त्यांचा हात धरला. "ते खालीच राहू द्या." पुढे त्यातले दोन भंडाऱ्याच्या लग्नात गेले, एक माझ्या तापात. कोणी कपाळावर हात मारून घेतला नाही.

आणि मग एक संध्याकाळ आली, जी मी अजून विसरलेले नाही. त्या दिवशीचं काम सहाला संपणार असं लिहिलं होतं आणि ते पावणेसहालाच संपलं. बाबांनी वही मिटली. घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत अभ्यासाने त्यांना पंधरा मिनिटं परत दिली, असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि त्या मिनिटांचं काय करायचं हे त्यांना कळेना. मग त्यांनी स्वतः उठून रेडिओ लावला, आवाज वाढवला आणि आईला म्हणाले, "चल, सायकलवर एक चक्कर मारून येऊ." आई 'लोकं काय म्हनतील' म्हणत चपला घालू लागली. मागच्या कॅरिअरवर बसून ती वळणापर्यंत हसत गेलेली मी फाटकातून पाहिली.

परीक्षेत हायड्रॉलिक्सचा प्रश्न आला. बाबांनी तो सोडून दिला आणि दुसरे पाच पूर्ण सोडवले, अगदी शेवटच्या आकृतीतल्या भागांना नावं देऊन. घरी आल्यावर त्यांनी हे सगळं दोनदा सांगितलं.

पास झालेल्यांची यादी लागली त्या दुपारी ते पहिल्या पाळीहून परतले ते घंटी वाजवत. फाटकापासून दारापर्यंत वाजवत. आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. ते सायकलवरून उतरलेही नाहीत, नुसतं म्हणाले, "झालो." आई पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, आणि मग आम्ही तिघांनीही रडून घेतलं.

चहा झाल्यावर बाबांनी ते काट मारलेले दोन चॅप्टर काढले. साहेब झाल्यावर हायड्रॉलिक्स येत नाही असं कसं चालेल, म्हणाले. कॅलेंडरची नवी पाठ माझ्यापुढे सरकवली. "तूच लिही किती दिवस. मले माह्या अंदाजाचा भरोसा नाई."

रेकॉर्ड माझ्याच अक्षरात होता. आठ आणि तीन, अकरा दिवस. मी त्यांच्याकडे पाहिलं. मिशीला चहा लागला होता आणि ते मोठ्या आशेने माझ्या पेनाकडे पाहत होते. मी पाच लिहिले.

लागले तेरा.