मास्तरांचा फोन बंद असायचा

आमच्या इस्पितळाचा धुलाईखाना तळघरात आहे. तिथल्या इस्त्री आणि घडीच्या विभागाचे जे प्रमुख, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नाही. पण कुणाची चादरीची घडी चुकली की मास्तर ती उलगडतात, नीट घालून दाखवतात, पुन्हा उलगडतात आणि त्याच्याच हातात देतात. तोंडातून शब्द नाही. यापेक्षा शिव्या बऱ्या, असं खालची माणसं म्हणतात.

मी वर तळमजल्यावर कपडे-वाटपाच्या काउंटरवर बसतो. धुतलेल्या चादरी माझ्याकडून वॉर्डांत जातात. त्यामुळे मास्तरांशी माझा रोजचा संबंध आणि रोजची कुरबुर. माणूस चोख आहे, प्रेमळ आहे आणि एकदा डोक्यात बसलेली गोष्ट ब्रह्मदेव आला तरी सोडत नाही. मी त्यांचा मित्र आहे, म्हणून हे सांगू शकतो.

धुलाईखान्यात फोन न्यायला बंदी आहे, आणि ती उगाच नाही. मळक्या चादरींच्या ढिगावर वाकलं की खिशातला फोन त्यात पडतो, यंत्रात जातो आणि उकळत्या पाण्यातून लखलखीत होऊन बाहेर येतो. असे काही फोन धुऊन निघाल्यावर व्यवस्थापनाने जिन्याखाली लोखंडी कपाटं बसवली. कपाटात ठेवण्याआधी फोन बंद करायचा, ही रीत माणसांनी स्वतःच पाडली. कुलूपबंद कपाटात कुणाच्या तरी फोनचा गजर वाजत राहिला की बाकीच्यांची डोकी उठतात. ही रीत सगळ्यात निष्ठेने कोण पाळत असेल, ते सांगायला नको.

मास्तरांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मधुमेह आहे. इन्सुलिन घेतात. कधीकधी त्यांची साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते. लगेच काही गोड पोटात गेलं तर निभावतं, पण तेवढ्यात हातपाय ऐकेनासे झाले तर दुसऱ्या माणसाची गरज लागते. घरात दुसरं माणूस म्हणजे मास्तर, आणि ते दिवसभर तळघरात. घर इस्पितळाच्या मागच्याच गल्लीत आहे, हाक मारली तर ऐकू यावी इतकं जवळ. तळघरात टेबलावरचा फोन आहे म्हणा, पण यंत्रं चालू असताना त्याची घंटी देवालाच ऐकू येत असेल.

एका दुपारी वहिनींनी मास्तरांच्या फोनवर निरोप पाठवला, ‘येता का’. मास्तरांनी तो पाळी संपल्यावर कपाट उघडून, फोन चालू केल्यावर वाचला. तोवर शेजारीण काही मागायला आली होती, तिने वहिनींना स्वयंपाकघरात पडलेलं पाहिलं होतं आणि आमच्याच इस्पितळात आणलं होतं. मास्तर खाली चादरींच्या घड्या घालत होते आणि वर वॉर्डात त्यातल्याच एका चादरीवर त्यांची बायको झोपलेली होती. वहिनी वाचल्या. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी घातलेल्या घड्या वाकड्या होत्या. मी त्या तशाच वॉर्डात पाठवल्या.

मग त्यांनी मनगटावर बांधायचा एक पट्टा आणला. दुकानदाराने सांगितलं होतं, “फोनवर काही आलं की मनगटावर कळणार, काळजीच नको.” मास्तर कपाटापाशी असेपर्यंत ते खरंही होतं. इस्त्रीच्या यंत्रापाशी पोचले की मधे दोन भिंती आणि बॉयलर. पट्टा गप्प.

मास्तर इस्पितळाच्या संगणक विभागातल्या मुलीकडे गेले. तिला सगळे नेटवर्कवाली म्हणतात. तिने पट्टा उलटापालटा करून पाहिला.

“काका, हा फक्त ब्लूटूथवर चालतो. फोन जवळ असेल तरच. याच्यात वायफाय नाहीच, मी तरी कुठून आणू?”

“मग वायफाय असलेलं कुठलं ते सांगा.”

तिने सांगितलं. मास्तरांनी पट्टा परत करून घड्याळ आणलं. दुकानदाराशी त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण तो आता मास्तरांना बघून आधी नमस्कार करतो.

घड्याळ आलं तरी घोडं पुढे जाईना. इस्पितळाचं पाहुण्यांसाठीचं वायफाय आहे, पण ते जोडल्यावर एक पान उघडतं, त्यात नंबर घाला, आलेला आकडा घाला, अटी मान्य करा. त्या एवढ्याशा घड्याळात ते पान काही उघडेना. शेवटी नेटवर्कवालीला आठवलं की तळघरात चादरींच्या ट्रॉल्यांवरचे बारकोड वाचायच्या यंत्रांसाठी वेगळं वायफाय आहे, आणि त्याला नुसता पासवर्ड लागतो. त्यावरून बाहेरचं इंटरनेट मिळत नसे. तिने तिच्या विभागाच्या साहेबांची परवानगी काढली आणि तेवढ्या एका घड्याळापुरतं ते उघडून दिलं. साहेबांना तिने काय सांगितलं, कोण जाणे. साहेब सहसा स्वतःच्या खुर्चीलाही परवानगी देत नाहीत.

पासवर्ड मास्तरांनी स्वतः घातला. वाफेने जाड झालेला त्यांचा अंगठा आणि नखाएवढी अक्षरं. चारदा चुकला. मी म्हटलं, “आणा इकडे.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्या काउंटरवर निघून गेलो. पाचव्यांदा जमला. वायफायची खूण उमटली, घड्याळाने हवामानही दाखवलं. मास्तरांनी वहिनींना सांगून ठेवलं होतं, जेवणाच्या सुट्टीनंतर एक निरोप पाठव.

निरोप आला नाही. मास्तर संध्याकाळपर्यंत मनगटाकडे बघत राहिले. घरी जाताना फोन चालू केला, तर निरोप त्यात बसलेला.

दुसऱ्या दिवशी ते नेटवर्कवालीसमोर उभे राहिले. मीही गेलो होतो, खोटं कशाला बोलू, गंमत बघायला.

“हे बिघडलेलं आहे,” मास्तर म्हणाले.

तिने घड्याळ पाहिलं. वायफाय चालू, दोन्हीकडे खातं एकच, फोन दूर असताना निरोप द्यायची सोय चालू. सगळं ठीक.

“काका, काल फोन कुठे होता?”

“कपाटात.”

“चालू होता ना?”

मास्तरांना प्रश्नच कळला नाही. “कपाटात फोन चालू कोण ठेवतं?”

नेटवर्कवालीने दोन्ही हात डोक्याला लावले. “अहो, निरोप आधी फोनवर येतो. फोन तो इंटरनेटवरून पाठवतो, मग वायफायवरून घड्याळाला मिळतो. फोनच झोपलेला असेल तर पाठवणार कोण?”

“मग फोन चालूच ठेवायचा, तर घड्याळ कशाला?”

“फोन तुमच्याजवळ नसला तरी चालेल म्हणून. फोन नसलाच तरी चालेल म्हणून नाही.”

मास्तर एकदा घड्याळाकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. मला हसू आवरेना. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “तुला कळलं होतं का?” मी हसणं थांबवलं. मलाही कळलं नव्हतं.

मास्तरांनी फोन आवाज बंद करून, पण चालू ठेवून कपाटात ठेवला. त्यासाठी त्यांना मनाची किती तयारी करावी लागली, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरीही निरोप येईना. जिन्याखाली, लोखंडाच्या आत, फोनला रेंजच नव्हती. नेटवर्कवाली म्हणाली, फोन वर कुठेतरी ठेवा, जिथे रेंज आहे आणि चार्जिंगचीही सोय आहे. तो फिरत फिरत माझ्या काउंटरवर आला.

“मग आता घड्याळ हवंच कशाला?” मी म्हणालो. “निरोप आला की मी खाली येऊन सांगीन.”

“तू जागेवर असतोस कधी?” मास्तर म्हणाले. मला राग आला. माझ्याच काउंटरपाशी उभं राहून कोणी माझ्याबद्दल असं बोलावं, ही काय पद्धत?

त्या दुपारी वहिनींनी पुन्हा चाचणीचा निरोप पाठवला. फोन माझ्यासमोर उजळला, आणि खाली तळघरात मास्तरांच्या मनगटाला झटका बसला. घड्याळात तयार उत्तरं असतात. त्यांनी त्यातलं ‘हो’ दाबलं. मग काही वाटलं असावं, तेच पुन्हा दाबलं. वहिनींच्या फोनवर दोन ‘हो’ गेले. वायफायमुळे घड्याळाची बॅटरी लवकर उतरते, म्हणून मास्तर रोज रात्री ते न चुकता चार्जिंगला लावू लागले, आणि आम्ही सगळे तो विषय विसरलो.

पावसाळा संपता संपता एके दिवशी मी काउंटरकडे पाठ करून उशांचे अभ्रे रचत होतो. वॉर्डातली एक परिचारिका कमी अभ्रे आल्याबद्दल माझी खरडपट्टी काढत होती, आणि मीही तिला सोडत नव्हतो. जिन्यावर पावलं वाजली. मास्तर वर आले, अंगावर एप्रन तसाच, धापा टाकत. “घरी,” एवढंच म्हणाले आणि दारातून पळाले. त्यांना पळताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मग मी काउंटरवर पाहिलं. फोनवर दोनच शब्द होते. ते कधी आले, मला पत्ताच नव्हता.

मास्तर दोन दिवसांनी कामावर आले. नेहमीसारखे खाली न जाता माझ्या काउंटरपाशी उभे राहिले. वहिनी ओट्याला धरून बसलेल्या सापडल्या, शुद्धीत होत्या, पण साखरेचा डबा उघडता येत नव्हता. मास्तरांनी पाण्यात साखर कालवून घोट घोट पाजली. थोड्या वेळाने त्यांना बरं वाटलं.

“बरं वाटल्यावर तिला विचारलं,” मास्तर म्हणाले, “असं याआधी कितीदा झालं होतं? त्या एकदा सोडून?”

“मग?”

“पुष्कळदा, म्हणाली. मी म्हटलं, मग निरोप का पाठवला नाहीस? तर म्हणाली, सुरुवातीला पाठवायचे. उत्तर यायचं नाही. मग तुम्ही फोन चालू करायच्या आत पुसून टाकायचे, तुम्हाला उगाच वाईट नको. पुढे पुढे पाठवायचंच सोडलं. त्या एका दिवशी फारच झालं म्हणून पाठवला. आता तुमचे दोन हो आले होते, म्हणून पुन्हा पाठवला.”

मास्तरांनी काउंटरवरचा फोन उचलला, चालू आहे ना ते पाहिलं आणि परत ठेवला. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

“रोज संध्याकाळी मी फोन चालू करायचो,” ते म्हणाले. “काही आलेलं नसायचं. मला वाटायचं, आज ती ठीक होती.”