थोरलीची मोडलेली सुपारी

तीन मुलींवर एक मुलगा हवाच, हा सासूबाईंचा हट्ट. तो पुरा झाला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. मुलाचे डोळे तिरके, अंग सैल, मान धरेना. "आमच्यात असं कधी निपजलं नाय," एवढं बोलून सासूबाईंनी हात झटकले. माझं माहेर आपोआपच आरोपी ठरलं.

नाशिकच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. गुणसूत्रं शेहेचाळीस असतात, याची सत्तेचाळीस निघाली. एकविसाव्या जोडीत तिसरं जास्तीचं.

तेव्हा थोरलीची सुपारी फुटली होती. नवऱ्या मुलाच्या आईच्या कानावर हे गेलं. "पोरीच्या पोटी असंच झालं तर?" म्हणत ती दारात उभी राहिली. मी म्हटलं, चला डॉक्टरांकडे, त्यांच्या तोंडूनच ऐका. शास्त्र ऐकलं की माणसं गप्प बसतात, असं मला वाटायचं. काय ती अक्कल!

डॉक्टरांनी दोन पेनं एकमेकांना चिकटवून धरली. "बीज पिकताना अशी प्रत्येक जोडी फुटते. एक बीजात राहतं, एक बाहेर पडतं. इथे एकविसावी जोडी फुटलीच नाही, दोन्ही आतच राहिली. त्यात वडिलांचं एक आलं, म्हणून तीन झाली."

"पण हिलाच का?" विहीणबाईंनी विचारलं.

"वयामुळे शक्यता वाढते. पुरुषाचं बीज सतत नवं बनतं. बाईची बीजं मात्र ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात, आणि जोडी फोडण्याचं काम अर्ध्यावर टाकून थांबतात. वीस वर्षं थांबलेल्या बीजापेक्षा चाळीस वर्षं थांबलेलं जास्त चुकतं. तरुणपणीही चुकतं, पण क्वचित. अहवालात तिसरं गुणसूत्र सुटं आहे, म्हणजे हे घराण्यातून आलेलं नाही. तुमच्या सुनेला काळजीचं कारण नाही."

मला हायसं वाटलं. विहीणबाई मात्र विचारात पडल्या होत्या.

"म्हंजी या पोरीची बीजं बी हिच्याच पोटात बनली ना?"

"हो, पण त्या वेळी आईचं वय—"

"बास. लय झालं." त्या पदर सावरत उठल्या. डॉक्टर मागून बोलत राहिले, त्या थांबल्या नाहीत. खरं बोलणाऱ्या त्या भल्या माणसाचाही मला संताप आला. आठवड्यात नकार आला.

थोरली सगळं ऐकत तिथेच बाकावर बसलेली होती. घरी आल्यावर ती रडली नाही. नकार आला त्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, मला आता थांबवू नकोस. जो येईल त्याला हो म्हण. उशीर झाला तर माझंही चुकेल."

मी किती समजावलं! काही उपयोग झाला नाही. मनमाडच्या दोन मुलांच्या बापाला, एका बिजवराला, आम्ही तिला दिली. ती एकोणीस वर्षांची होती.