गहाळ पुस्तकाची जागा

बाबा डोंबिवलीतल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. कोणीही पुस्तकाचा दाखल क्रमांक उच्चारावा, बाबांना नाव, लेखक, कपाट सगळं तोंडपाठ. निवृत्ती जवळ आली तशी त्यांना एकच काळजी लागली, आपल्यामागे ही पुस्तकं कोणाला सापडणार? मी तेव्हा नौपाड्यात कॉम्प्युटरच्या सी भाषेचा क्लास करत होतो. मला न विचारताच त्यांनी कार्यकारिणीला सांगून टाकलं, "मुलगा सगळी यादी कॉम्प्युटरवर आणतोय." कार्यकारिणी म्हणाली, आधी दाखवा, मग कॉम्प्युटर घेऊ, नाहीतर कपाटंच बरी.

घ्या! मग मी बसलो. स्ट्रक्चर म्हणजे एका पुस्तकाची चौकट: क्रमांक, नाव, लेखक, कपाट. फाइलमध्ये प्रत्येक नोंद सारखीच जागा घेते. त्यामुळे पाचशेवं पुस्तक हवं असेल तर आधीची वाचत बसायचं नाही. तेवढ्या नोंदींची जागा ओलांडून थेट उडी मारायची. पहिल्यांदा ती उडी नेमकी पडली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

दाखवायच्या आदल्या दिवशी मला अतिशहाणपणा सुचला. गहाळ झालेल्या पुस्तकांच्या नोंदी कशाला, म्हणून त्या वगळून मी नवी फाइल बनवली. सुरुवातीचे दोन-चार क्रमांक तपासले, सगळं ठीक होतं.

वाचनालयात कॉम्प्युटर नव्हता, म्हणून रविवारी क्लासच्या दाराशी चपला काढून कार्यकारिणीची मंडळी आत आली. अध्यक्षांनी एक क्रमांक सांगितला. पडद्यावर रोमन अक्षरांत भलतंच पुस्तक आलं.

बाबा हळूच म्हणाले, "अरे, हे त्याच्या पुढचं."

दुसरा क्रमांक दिला, तर दोन घरं पुढचं पुस्तक आलं. आधी एक घर, मग दोन, त्यावरूनच मला चूक कळली. गहाळ नोंदी काढल्यामुळे मागची सगळी पुस्तकं पुढे सरकली होती आणि माझी उडी जुन्याच जागी पडत होती. गेलेल्या पुस्तकाचा क्रमांक बाबांनी कधी दुसऱ्याला दिला नव्हता, ते का, हे मला तेव्हा कळलं. मूळ फाइल फ्लॉपीवर होती. ती परत टाकली, आणि अध्यक्षांचं पुस्तक डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर आलं.

"कमाल आहे बुवा!" अध्यक्ष म्हणाले. कॉम्प्युटर मंजूर झाला.

मंडळी गेली तरी बाबा हलेनात. ते क्रमांक सांगायचे, नाव पुटपुटायचे आणि मग पडद्याकडे बघायचे. दर वेळी जुळलं की लहान मुलासारखे हसायचे. मग एक क्रमांक सांगून ते माझ्याकडे बघू लागले.

"कोणतं हो, बाबा?" मी विचारलं.

"आठवत नाही रे," ते खुर्चीत आरामात मागे टेकले. "तूच बघून सांग."