ओलीच्या तक्रारीतलं एक वाक्य

टेलरकाकूंचा जन्म दुसऱ्यांचे कपडे शिवण्यात आणि भाड्याच्या खोल्या बदलण्यात गेला. काका निवृत्त झाले तेव्हा कुठे स्वतःच्या फ्लॅटच्या चाव्या हातात पडल्या. पण घर नीट लागतंय न लागतंय, तोच बेडरूमच्या खिडकीखाली रंगाला फुगे आले. कोपऱ्यात काळी बुरशी धरली. बाथरूममधला पंखा घरघर करी, पण आरशावरची वाफ जागची हलेना.

एके दिवशी एका गिऱ्हाईक बाईंनी शिवलेला ब्लाउज नाकाशी नेला. "काकू, कुबट वास येतोय हो याला."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी बिल्डरला ईमेल लिहिला. शिवणकामाचं नुकसान सांगितलं आणि शेवटी जोडलं, 'आमच्या वापरात काही चूक असल्यास क्षमस्व.'

"हे कशाला?" काकूंनी विचारलं.

"अगं, गोडीगुलाबीनं लिहिलं की कामं होतात."

उत्तर आलं. 'वापरातील चूक आपण स्वतःच मान्य केली आहे. घरात इस्त्रीची वाफ होते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.' वर फुकटात रंग मारून देण्याची तयारी.

काकांनी ते दोनदा वाचलं आणि चाचरत म्हणाले, "तू इस्त्री जरा कमी करतेस का?"

काकूंना ते लागलं. त्यांनी इस्त्री गॅलरीत नेली, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. भिंत ओली ती ओलीच. मग त्यांनी स्वतःच मोबाईल घेतला आणि एका बोटाने टाइप केलं: 'घरात इस्त्री बंद आहे. भिंत तरी ओली आहे. फोटो पाठवते. तुम्ही दुरुस्ती करून द्यायची मुदत अजून चालू आहे. माणूस पाठवा. कारण सापडल्याशिवाय रंग लावू देणार नाही.'

साइट इंजिनिअर आला. त्याचाही चेहरा उतरलेला, फोन सारखा वाजत होता. त्याने भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवला आणि दोन दिवसांनी येऊन सोलला. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब.

"खोलीतली वाफ असती तर वरून घाम आला असता. हे भिंतीतून येतंय. बाहेरून खिडकीच्या चौकटीची फट भरलेलीच नाही."

बाथरूमच्या पंख्याला त्याने कागद लावून पाहिला. कागद खाली पडला; पंखा हवा ओढतच नव्हता. वरचं फॉल्स सीलिंग उघडलं तर पंख्याचा पाइप दुमडून आतच लोळत पडलेला, बाहेरच्या भोकापर्यंत पोचलाच नव्हता.

"म्हणजे इस्त्रीचा दोष नाही?" काकांनी विचारलं.

"नाही हो काका. आमचंच काम राहिलंय."

फट भरली, पाइप जोडला. पण भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंग नाही, आणि सुकायला बरेच महिने जातील, असं तो सांगून गेला.

"मी उगाच तुला बोललो," काका म्हणाले.

"पुढच्या वेळी माझ्या वतीनं माफी मागू नका, म्हणजे झालं."

एवढं बोलून त्यांनी बेडरूमच्या ओल्या भिंतीजवळचं शिलाई मशीन ओढत हॉलमध्ये आणलं. शिवायचे कपडे साचले होते, पण आज अंगात त्राण नव्हतं. त्या तिथेच सतरंजीवर आडव्या झाल्या.